कलाह खेळताना: मोजणी बरोबर, पण क्रम चुकला की मुसळ केरात

कलाहच्या पटासोबत जो नियमांचा कागद येतो त्याच्यावर माझा राग आहे. शेवटची बी कोठारात पडली की पुन्हा खेळा, स्वतःच्या रिकाम्या घरात पडली की समोरच्या बिया घ्या, एवढं सांगून तो मोकळा होतो. या दोन गोष्टी एकाच डावात एकमेकींत कशा गुंफायच्या याबद्दल त्यात अवाक्षर नसतं, आणि खेळ तर सगळा तिथेच आहे.

आधी हद्द सांगतो. हे सगळं मंकाला कुळातल्या कलाह या खेळाबद्दल आहे. दोन ओळी, प्रत्येकाची सहा घरं, उजव्या हाताला आपलं कोठार. सुरुवातीला घरटी ४ बिया, म्हणजे एकूण ४८, त्यामुळे २५ ज्याच्या कोठारात गेल्या तो जिंकला. एका घरातल्या सगळ्या बिया उचलून पुढे एकेक टाकत जायचं ती पेरणी, घड्याळाच्या उलट दिशेने. आपल्या कोठारात एक बी टाकायची, समोरच्याचं कोठार ओलांडून जायचं. याच कुळातले दुसरे खेळ वेगळे: ओवारेत जादा खेळी नसतेच. पल्लांगुळीत शेवटची बी पडली की पुढच्या घरातल्या बिया उचलून पेरणी चालू राहते. तिथे हा हिशेब कामाचा नाही.

घरांना क्रमांक कोठाराकडून द्यायचे. कोठाराला लागून असलेलं घर १, सर्वांत लांबचं ६. बहुतेक जण डावीकडून मोजतात आणि मग दर वेळी मनात वजाबाकी करत बसतात. कोठाराकडून मोजलं की एकच गोष्ट बघायची उरते: घराचा क्रमांक आणि त्यातल्या बिया सारख्या आहेत का. घर ३ मध्ये ३ बिया असतील तर शेवटची नेमकी कोठारात पडते. घर ५ मध्ये ५, तसंच. समोरच्याची घरंही त्याच्या कोठाराकडून मोजायची. मग समोरासमोरच्या दोन घरांची बेरीज नेहमी ७ येते: माझ्या ३ समोर त्याचं ४, माझ्या ६ समोर त्याचं १.

इथपर्यंत कुणीच अडकत नाही. पहिली खेळी घर ४, कारण तिथे ४ बिया आहेत, हेही सगळ्यांना लगेच दिसतं.

खरी अडचण जादा खेळ्या एकापेक्षा जास्त दिसायला लागल्यावर सुरू होते. समजा घर १ मध्ये १, घर २ मध्ये २ आणि घर ३ मध्ये ३ आहेत. तीन जादा खेळ्या समोर दिसतात आणि हात मोठ्या घराकडे जातो. घर ३ उचललं की घर २ मध्ये ३ होतात, घर १ मध्ये २ होतात. तीन खेळ्यांपैकी एक मिळाली, दोन त्याच हाताने मोडल्या.

म्हणून क्रम कोठाराजवळून लांब असा. कारण साधं आहे. लांबच्या घरातली पेरणी जवळच्या प्रत्येक घरात एक बी टाकत येते. जवळच्या घरातली पेरणी लांबच्या घराला शिवतसुद्धा नाही. शिवाय लांबच्या प्रत्येक खेळीनंतर घर १ मध्ये एक बी येऊन पडते. ते रिकामं असलं तर तिथे नवी जादा खेळी तयार. म्हणून प्रत्येक खेळीनंतर नजर परत घर १ वर न्यायची, आधी ठरवलेली यादी पुढे रेटायची नाही.

याला जोडून एक गोष्ट मला फार उशिरा कुणीतरी सांगितली: कमी असलेली बी भरून निघते, जास्त झालेली निघत नाही. घर ३ मध्ये २ बिया आहेत म्हणजे एक कमी आहे. घर ४ मध्ये ४ असतील तर ती खेळी घर ३ ला तिसरी बी देऊन जाते. पण घर ३ मध्ये ४ झाल्या तर त्या जादा खेळीवर पाणी सोडायचं. उदाहरणार्थ घर १ ते ४ मध्ये अनुक्रमे १, २, २, ४ अशा ९ बिया घ्या आणि एकट्याने पेरून बघा: १, २, १, मग ४, मग १, ३, १, २, १. एकही बी मागे न राहता नऊच्या नऊ कोठारात जातात. पाच बियांसाठी हीच मांडणी १, १, ३ अशी आहे. प्रत्येक संख्येला अशी एकच मांडणी असते. सगळ्या पाठ करायची गरज नाही, या दोन ओळखता आल्या तरी पुष्कळ डाव हाती लागतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. जादा खेळ्या आणि मार, म्हणजे समोरच्या बिया उचलणं, एकत्र असतील तेव्हा काय करायचं?

ही स्थिती पटावर मांडूनच बघा. माझी घरं १ ते ६: १, २, ३, ०, २, ५. समोरच्याची त्याच्या कोठाराकडून १ ते ६: ०, १, ०, ८, २, ०. माझ्या कोठारात ११, त्याच्या १३. बेरीज ४८ येते का ते तपासून घ्या. खेळी माझी.

डोळ्यांत भरतात त्या त्याच्या घर ४ मधल्या ८ बिया. ते माझ्या घर ३ च्या समोर आहे. माझ्या घर ५ मध्ये २ बिया आहेत, त्यातली शेवटची बरोबर घर ३ मध्ये पडते. फक्त घर ३ रिकामं हवं. आणि घर ३ मध्ये ३ बिया असल्यामुळे ते रिकामं करताना जादा खेळीही मिळते. सुटलं असं वाटतं: घर ३, मग घर ५. कोठारात १, मग माराचे ९ (आठ त्याच्या आणि मारणारी आपली एक). ११ चे २१ झाले. खेळी संपली.

आता तोच मार, पण आधी जवळून लांब. घर १: कोठार १२. घर २: घर १ मध्ये एक बी, कोठार १३. पुन्हा घर १: १४. आता घर ३: घर २ आणि घर १ मध्ये एकेक बी, कोठार १५. पुन्हा घर १: १६. आता घर ३ रिकामं आहे, घर ५ मध्ये अजून २ आहेत, त्याच्या ८ बिया जागच्या हललेल्या नाहीत. घर ५ पेरा, ९ उचला. कोठारात २५. डाव जिंकला.

शेवटचा मार तोच आणि लक्ष्यही तेच, तरी एकीकडे २१, दुसरीकडे २५. सुरुवातीला घर १ खेळून लगेच घर ३ कडे उडी मारली आणि मग पुन्हा घर १ घेतलं तर २३ वर अडकतो. घर २ आधी घेतलं तर घर १ मध्ये २ होतात, ते बिघडतं आणि २२ वर थांबावं लागतं.

हा फरक का महत्त्वाचा, ते माझ्या घर ६ कडे बघितलं की कळेल. तिथे ५ बिया पडून आहेत. त्याच्या घर २ मध्ये १ आहे आणि घर १ रिकामं. ती एक बी पुढे सरकवली की माझ्या पाच बिया उचलून तो ६ घेतो. २१ वर थांबलो असतो तर हा मार जिव्हारी लागला असता. २५ झाल्यावर घेऊ दे की.

मार मोजताना आधी शेवटून मागे यायचं. मार कुठे पडणार, त्यासाठी कुठलं घर रिकामं लागतं, मारणारी बी कुठल्या घरातून येणार. मग मारणाऱ्या घराच्या पलीकडून, म्हणजे त्याच्यापेक्षा लांबच्या घरातून, मधे काही पेरायचं नाही, नाहीतर त्यात एक बी वाढते आणि मार एक घर पुढे सरकतो. वरच्या स्थितीत घर ६ मधेच उचललं असतं तर घर ५ मध्ये ३ झाल्या असत्या, शिवाय घर ३ मध्येही एक बी येऊन पडली असती.

ज्याच्या त्याच्याशी वाद होतो तो मुद्दा राहिलाच होता. आपल्या रिकाम्या घरात बी पडली, पण समोरचं घरही रिकामं आहे. मग ती एकटी बी कोठारात जाते की तिथेच राहते? काही नियमांत जाते, काहींत राहते, आणि कागदावर याचा पत्ताच नसतो. बसण्याआधी ठरवून घ्या. शेवटच्या दहा बियांत याने निकाल उलटतो.

समोरच्याच्या पेरणीने आपली मोजणी बिघडते, तीही आधी सांगता येते. त्याच्या घरातल्या बियांमधून त्या घराचा क्रमांक वजा करा. उरतील तेवढ्या माझ्या बाजूला येतात, घर ६ पासून ओळीने. घर ४ मधल्या ८ मधून ४ गेल्या, ४ उरल्या: माझ्या ६, ५, ४, ३ मध्ये एकेक. म्हणून पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायची खेळी घर १ किंवा २ मध्ये ठेवावी. घर ६ मध्ये ६ जमवून वाट बघण्यात अर्थ नाही, पहिला फटका तिथेच बसतो.

१३ बियांचं घर मात्र जपण्यासारखं. आपली सहा, त्याची सहा आणि आपलं कोठार मिळून फेरा १३ चा होतो. त्यामुळे शेवटची बी जिथून उचलल्या त्याच घरात येऊन पडते, ते नुकतंच रिकामं झालेलं असतं आणि समोरच्या घरात तुम्हीच एक बी टाकून आलेला असता. म्हणजे समोर काहीही नसलं तरी मार ठरलेला. १२ असतील तर एका बीची वाट बघायला हरकत नाही, १४ झाल्या तर ही संधी गेली. फक्त घर १ मध्ये १४ चालतात: पूर्ण फेरा होऊन शेवटची बी कोठारात.