खोडलेला अंदाज

टपातलं संत्रं तरंगलं आणि दुसरीतल्या एका पोरीनं गुपचूप खोडरबर काढलं. तक्त्यात 'अंदाज'खाली लिहिलेलं 'बुडेल' पुसून तिथं 'तरंगेल' केलं.

"चूक दिसंल ना मॅडम!"

मला तर तेच 'बुडेल' हवं होतं. जड वस्तू बुडते, हा तिचा विचार त्यातच दिसत होता.

मग सगळ्यांना अंदाज पेनानं लिहायला लावले, निकाल पेन्सिलीनं. तेच संत्रं सोलून टाकलं. वजन कमी झालं, तरी थेट तळाला! सालीत हवा असते, ती सालीबरोबर गेली. तिनं मग आपणहून नुसती साल टाकून पाहिली. तरंगली.

चुकलेलं उत्तर लपवायचं, हे एवढ्या वयात कुठून शिकतात लेकरं?