पालथं पडून लिहिलेला रजेचा अर्ज

माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला आणि तातडीनं शस्त्रक्रिया झाली, हे घरच्या बहुतेकांना आता कळलं आहे. तब्येतीची चौकशी सगळ्यांनी केली. पण इथे अमेरिकेत सॉफ्टवेअरची नोकरी करताना अशा आजारपणात रजा कशी मागायची, हे फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून आज तेवढ्याच गोष्टीवर लिहिते आहे. आपल्यापैकी पुष्कळांना लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा असतो, आणि मायनस नंबर जितका मोठा तितका पडदा फाटण्याचा धोका अधिक. हे कधीतरी कोणाच्या तरी कामी येईल.

आधी डोळ्याचं थोडक्यात सांगते, कारण रजेचा अर्ज त्यावरच उभा असतो. डोळ्यात आत जेलीसारखा द्रव असतो. तो आकसताना पडद्याला ओढ बसली की पडदा फाटू शकतो. मग त्या फटीतून पाणी पडद्यामागे शिरतं आणि पडदा भिंतीपासून सुटत जातो. आधी काळे ठिपके तरंगताना दिसतात, कडेला वीज चमकल्यासारखं होतं, आणि मग एका बाजूनं सावली सरकू लागते. सावली दिसली तर सकाळची वाट पाहायची नसते. माझी फट वरच्या बाहेरच्या बाजूला होती आणि पाणी मधल्या नाजूक भागापर्यंत, म्हणजे मॅक्युलापर्यंत, नुकतंच पोचलं होतं. सर्जननी आतली जेली काढली, पडदा जागेवर बसवला, फटीभोवती लेझर केला आणि डोळ्यात सल्फर हेक्झाफ्लुओराइड वायूचा बुडबुडा भरला.

सगळी मेख या बुडबुड्यात आहे. वायू नेहमी वर जातो. मॅक्युला डोळ्याच्या मागच्या भिंतीवर असतो, त्यामुळे मान खाली घातली की मागची भिंत वर येते आणि बुडबुडा नेमका तिच्यावर टेकतो. लेझरच्या जागी पक्का व्रण धरायला काही दिवस लागतात, आणि तोवर फटीतून पुन्हा पाणी शिरू नये म्हणून हा टेकू लागतो. म्हणून मला साधारण आठवडाभर, दर तासातली पन्नास मिनिटं, पालथं किंवा मान खाली घालून राहायचं होतं. उरलेली दहा मिनिटं जेवण, औषधाचे थेंब, बाथरूम. त्यानंतर काही दिवस उजव्या कुशीवर, म्हणजे फट वर राहील असं. किती दिवस आणि कोणत्या बाजूला, हे फट कुठे आहे आणि सर्जनचं मत काय यावर ठरतं. दुसऱ्याचं वेळापत्रक आपल्याला लागू पडेलच असं नाही.

आता रजेकडे येते. इथे १९९३ चा एक केंद्रीय कायदा आहे, ज्याला सगळे एफएमएलए म्हणतात. तुमच्या कामाच्या जागेपासून ७५ मैलांत ज्या कंपनीचे किमान ५० कर्मचारी आहेत, तिथे तुमचं एक वर्ष झालं असेल आणि मागच्या बारा महिन्यांत १२५० तास काम भरलं असेल, तर गंभीर आजारपणासाठी वर्षातून १२ आठवडे रजा मिळते. नोकरी राखून ठेवली जाते आणि आरोग्य विमाही चालू राहतो. पण ही रजा बिनपगारी असते. पैसे मिळतात ते वेगळ्या वाटेनं, बहुधा कंपनीनं घेतलेल्या अल्पकालीन अपंगत्व विम्यातून. त्याचा अर्ज विमा कंपनीकडे वेगळा करावा लागतो आणि सुरुवातीचे काही दिवस पुष्कळदा त्यात धरलेच जात नाहीत. नवीन माणूस या दोन गोष्टींची गल्लत करतो. एक अर्ज नोकरी वाचवतो, दुसरा पगाराचा काही भाग देतो, आणि दोन्ही करावे लागतात.

माझ्यासारख्या एच-१बी वर असणाऱ्यांना आणखी एक धास्ती असते, की बिनपगारी रजा घेतली तर व्हिसाला धक्का बसेल का. नोकरी कायम असेल आणि आजारपणामुळे आपण स्वतःहून रजा मागितली असेल, तर कंपनीनं त्या काळाचा पगार दिला नाही तरी नियम मोडत नाही. मात्र अर्ज, मंजुरी आणि डॉक्टरचं पत्र हे तिन्ही जपून ठेवावेत. पुढे मुदतवाढीच्या वेळी पगाराच्या चिठ्ठ्यांमध्ये खंड दिसला की हेच कागद उत्तर देतात.

पहिली ईमेल मी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पालथी पडून नवऱ्याला सांगितली आणि त्यानं टाइप केली. आजार अचानक आला असेल तर शक्य तितक्या लवकर कळवणं पुरेसं असतं. मॅनेजरला आजाराचं नाव सांगणं बंधनकारक नसतं, मी ते सांगितलं. तिच्याशी माझे संबंध मोकळे आहेत. साधारण असं होतं ते:

> डाव्या डोळ्यावर तातडीची शस्त्रक्रिया झाली आहे. पुढचे दोन आठवडे मी पूर्ण रजेवर असेन. पहिल्या आठवड्यात मला जवळजवळ सतत मान खाली घालून राहायचं आहे, त्यामुळे स्क्रीनसमोर बसून काम, व्हिडिओ कॉल किंवा ऑन-कॉल यातलं काहीही शक्य नाही. गाडी चालवता येणार नाही. डॉक्टर परवानगी देईपर्यंत विमानप्रवासही बंद आहे, म्हणजे पुढच्या बैठकीसाठी मी येऊ शकणार नाही. दोन आठवड्यांनंतर अर्धवेळ काम सुरू करण्याचा विचार आहे, ते तपासणीनंतर नक्की कळवते. माझी ऑन-कॉलची पाळी दुसऱ्या कोणाला द्यावी. उघडी असलेली कामं आणि त्यांची सद्यस्थिती खाली दिली आहे.

तिचं उत्तर प्रेमळ होतं, पण त्यात एक प्रश्न होता जो जवळजवळ प्रत्येकाला विचारला जातो: उजवा डोळा तर ठीक आहे, मग लॅपटॉप जमिनीवर ठेवून थोडं काम होणार नाही का? प्रश्न तसा वाजवी आहे. एका डोळ्यानं खाली ठेवलेला फोन थोडा वेळ वाचता येतो, माझ्या डॉक्टरनी त्याला मनाई केली नव्हती. पण टाइप करायला हात पुढे घेतले की मान आणि खांदे काही मिनिटांतच भरून येतात, आणि माणूस नकळत मान वर उचलतो. मान उचलली की बुडबुडा मागच्या भिंतीवरून सरकतो. शिवाय ज्या डोळ्यात वायू आहे त्यानं हाताची हालचालच काय ती दिसते, खोलीचा अंदाज येत नाही, आणि अशा स्थितीत चालू सिस्टिमवर बदल चढवणं मला इतरांसाठीही धोक्याचं वाटतं. हे तिला लिहून कळवलं आणि तिला ते लगेच पटलं.

खरी अडचण डॉक्टरच्या प्रमाणपत्रात आली. एचआर विभाग ते भरून मागतो आणि त्यासाठी किमान १५ दिवस देतो. क्लिनिकमधून भरून आलेल्या फॉर्मवर एवढंच होतं: डोळ्याची शस्त्रक्रिया, दोन आठवडे विश्रांती. एचआरनं तो अपुरा म्हणून परत पाठवला. मला राग आला, पण नियमानं त्यांना काय कमी आहे ते लेखी सांगावं लागतं आणि ते भरून द्यायला सात दिवस द्यावे लागतात, तसं त्यांनी केलं. शंका असल्यास एचआर डॉक्टरशी संपर्क साधू शकतो, तोही फॉर्म खरा आहे का आणि त्याचा अर्थ काय एवढ्यापुरता. तुमचा थेट मॅनेजर मात्र डॉक्टरला फोन करू शकत नाही. हे माहीत असलं की जीव बराच हलका होतो.

मग मी सर्जनच्या सहायिकेला फोनवर विनंती केली की विश्रांती हा शब्द काढून काय जमत नाही ते लिहा. विश्रांती म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पलंगावर टेकून लॅपटॉप घेतलेला माणूस येतो. दुसऱ्या फॉर्मवर आलं ते असं: दर तासाला पन्नास मिनिटं मान खाली, कामाच्या नेहमीच्या स्थितीत बसणं अशक्य, वजन उचलणं आणि गाडी चालवणं बंद, डोळ्यातला वायू पूर्ण जाईपर्यंत विमानप्रवास आणि उंच घाट बंद, दोन आठवड्यांनंतर दिवसाला चार तास, दोन आठवडे, पुढच्या तपासण्यांसाठी अधूनमधून काही तासांची रजा. हा फॉर्म त्याच दिवशी मंजूर झाला.

विमानाच्या ओळीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण परदेशात राहणाऱ्याला तीच सर्वांत जास्त बोचते. विमान वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो, वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब इतका वाढू शकतो की दृष्टी कायमची जाते. म्हणजे घरी काहीही झालं तरी त्या दिवसांत मी निघू शकले नसते. आईबाबांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, वायू गेला हे कळणार कसं. माझ्या प्रकारचा वायू साधारण दोन आठवड्यांत विरतो, दुसरा एक प्रकार सहा ते आठ आठवडे टिकतो. बुडबुडा लहान होताना नजरेत वरून एक आडवी रेषा उतरू लागते, गवंड्याच्या लेव्हलमधल्या पाण्यासारखी हलणारी. रेषेच्या वर स्पष्ट दिसतं आणि खाली धूसर. शेवटी तळाशी छोटा गोल उरतो आणि तोही जातो. तरीही तिकीट काढायचं ते डॉक्टरनी डोळा तपासून हो म्हटल्यावरच. क्लिनिकनं मनगटावर एक पट्टा बांधला होता. त्या काळात दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर नायट्रस ऑक्साइड देऊ नये, कारण त्यानंही बुडबुडा फुगतो, असं त्यावर लिहिलं होतं. तोही वायू जाईपर्यंत काढायचा नसतो.

अर्धवेळ कामाचा मुद्दा मी मुद्दाम फॉर्ममध्ये घालून घेतला होता. एफएमएलएमध्ये डॉक्टरला गरज वाटली तर रजा सलग न घेता तासांनीही घेता येते, आणि तेव्हा न भरलेले तासच मोजले जातात. आठवड्याला चाळीस तास धरले तर बारा आठवडे म्हणजे ४८० तास. दोन आठवडे पूर्ण रजेचे ८० गेले, नंतर दोन आठवडे रोज चार तास काम केल्यामुळे आणखी ४०. एकूण १२० खर्च झाले, ३६० उरले. हे उरलेले तास मला हवेच होते. पडदा पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत पुन्हा सुटू शकतो. अशा शस्त्रक्रियेनंतर त्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतो, आणि त्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच जणांना करावं लागतं. उरलेले तास किती काळ वापरता येतील, हे कंपनी बारा महिने कुठून मोजते त्यावर ठरतं. ते मी एचआरकडून ईमेलवर लेखी घेतलं आहे, आणि पुढची तपासणी त्याच हिशेबात बसवली आहे.