एकसष्ट सिस्टर आणि एक सिनॉप्सिस

मंगळवार, रात्र

शुक्रवारी गाईड मॅडमना प्रबंधाचं सिनॉप्सिस दाखवायचं आहे. विषय पक्का आहे: वॉर्डातल्या नर्सेसचं बर्नआऊट, म्हणजे कामानं पार झिजून जाणं. पद्धत मात्र ठरत नाही. मॅडमचं म्हणणं, "मिक्स्ड मेथड घे, आकडेही आणि मुलाखतीही, कमिटीला बरं वाटतं." माझी रूममेट म्हणते, "प्रश्नावली वाट, एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये घाल आणि मोकळी हो." दोघींचं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी वहीत निकालाच्या प्रकरणातला तक्ताच आखायला बसले. आकडे नाहीत, नुसती मथळ्यांची चौकट. ती भरायला माझ्याकडे काय येणार आहे, हे आधी कळलेलं बरं.

पहिला तक्ता प्रश्नावलीचा. बर्नआऊट मोजणारी मास्लाकची प्रश्नावली सगळ्यांना माहीत, पण ती विकत घ्यावी लागते. कोपनहेगनची फुकट मिळते, तिच्यात १९ प्रश्न आहेत: काही एकूण थकव्याचे, काही कामाच्या थकव्याचे, काही पेशंटबरोबरच्या कामाचे. प्रत्येक उत्तराला ० ते १०० मधले गुण, मग सरासरी. सोपं आहे. मी आखलं, 'आयसीयू' आणि 'जनरल वॉर्ड', समोर सरासरी, शेवटी पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता. दिसायला झकास.

मग माणसं मोजली. बेळगावातल्या ज्या हॉस्पिटलची परवानगी मिळण्यासारखी आहे तिथे चार वॉर्ड मिळून ६१ नर्सेस आहेत. त्यातल्या १७ आयसीयूत, ४४ बाकीकडे. सगळ्यांनी फॉर्म भरून दिला असं धरू (देणार नाहीत, नाईट ऑफवाल्या आणि मॅटर्निटी लीव्हवाल्या कुठून सापडणार). ८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता, आणि पी-व्हॅल्यूची ५ टक्क्यांची पातळी धरली तर दोन गटांतला किती फरक हाती लागेल, त्याचं सूत्र ढोबळमानानं असं:

`d = 2.8 × √(1/17 + 1/44) ≈ 0.8`

स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप; फरक त्याच्या आठ दशांश हवा. स्टँडर्ड डेव्हिएशन १८ गुण मानलं तर आयसीयूची सरासरी साधारण १४ गुणांनी वर असली तरच माझा अभ्यास ती भरवशानं पकडेल. खरा फरक ९ गुणांचा असला, जो काही कमी नव्हे, तर प्रत्येक गटात ६४ जणी लागतील. माझ्याकडे दोन्ही गट मिळूनसुद्धा तेवढ्या नाहीत. मग पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर येण्याचीच शक्यता जास्त, मी लिहीन 'सार्थ फरक आढळला नाही', आणि वाचणारा त्याचा अर्थ 'फरक नाही' असा घेईल. मेट्रनबाईही तसाच घेतील. आयसीयूत जास्त माणसं द्या म्हणणाऱ्या सिस्टरच्या तोंडावर माझाच प्रबंध फेकला जाईल.

तुलना सोडून नुसती सरासरी सांगावी, तर तेही चालतं. पण त्यात आणखी एक भोक आहे: जी पार थकली ती नोकरी सोडून गेली. प्रश्नावली उरलेल्यांनाच विचारणार. जिथून जास्त जणी गेल्या तो वॉर्ड कागदावर उलट बरा दिसू शकतो.

चार वाजता ड्युटी बदलताना एका सिस्टरला भेटले होते. खानापूरहून बसनं येते. सहज विचारलं, कशानं दमतेस? ती म्हणाली, "पेशंटचं काय नाही गं. पेशंट गप पडून असतो. एका पेशंटमागं सहा नातेवाईक. ह्याला कन्नडात सांगायचं, त्याच्या मेव्हण्याला मराठीत, परत डॉक्टर राउंडला काय बोलले ते मीच सांगायचं. औषधाचा टाईम गेला की ओरडा मलाच." आणि जाता जाता, "नाईट ऑफ मागायला मात्र लाज वाटते, इंचार्ज सिस्टर तोंड पाडतात."

घरी येऊन प्रश्नावली परत वाचली. पेशंटबरोबर काम करणं जड जातं का, हे ती विचारते. ह्या बाईचं उत्तर 'अगदी कमी प्रमाणात' येईल, गुण शून्य. नातेवाइकांना तिथे जागाच नाही. बेळगावच्या वॉर्डात दोन भाषांत समजावत बसणं हे कामच आहे, पण ते ना ड्युटी लिस्टवर येतं, ना त्या १९ प्रश्नांत. मला स्वतःचा विसावा प्रश्न घालता येईल. पण असे आणखी किती प्रश्न निसटलेत ते मला माहीत नाही, आणि तेच तर शोधायचं आहे.

राहिलं मिक्स्ड. आधी प्रश्नावली, मग ज्यांचे गुण सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी त्यांच्याशी मुलाखत. पुस्तकात छान दिसतं. पण जास्त गुण कुणाचे, हे कळायला फॉर्मवर नाव किंवा कोड हवा. नाव असलं की कुणी खरं लिहिणार नाही. कोड दिला तरी वॉर्ड, वय आणि नोकरीची वर्षं एवढ्यावर माणूस ओळखू येतो. तिथल्या मेडिकल वॉर्डात एकच ब्रदर आहे, त्याला कोडची गरजच नाही. शिवाय मुलाखतीला जिला बोलावलं ती 'जास्त बर्नआऊटवाली', हे चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळणार. गुण न बघताच मुलाखती घेतल्या, तर दोन भाग एकमेकांना भेटतच नाहीत: एका अंगाला सरासरी, दुसऱ्या अंगाला बोलणं, मध्ये शिवण नाही. आकडे आणि बोलणं शेजारी ठेवायचा जोडतक्ता आखला, तर मधला रकाना कोराच राहिला. सहा महिन्यांत दोन अर्धे अभ्यास करण्यापेक्षा एक पुरा करावा, असं माझं मत झालंय. मॅडमना पटेल की नाही, बघू.

म्हणून गुणात्मकच, म्हणजे नुसत्या मुलाखती. प्रश्न असा लिहिलाय: 'वॉर्डातल्या नर्सेसना आपल्या पाळीतला कोणता भाग झिजवणारा वाटतो, आणि त्यावर रजा किंवा मदत मागताना त्यांना काय आड येतं?' मुलाखती बारा ते चौदा. वॉर्ड, पाळी, नोकरीची वर्षं आणि घरची भाषा यांत जितका फरक मिळेल तितका बघून निवड. त्यातल्या दोन-तीन जणी गेल्या वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्या. त्या एकसष्टांच्या यादीत नाहीतच, फोन करून शोधाव्या लागतील. सलग तीन मुलाखतींत नवा मुद्दा निघाला नाही की थांबायचं, हेही सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहायचं, नाहीतर कमिटी विचारणार, बाराच का?

कन्नड मुलाखती हा खरा खर्च. माझं कन्नड बाजारापुरतं बरं, पण बाई रडायला लागली तर पुरणार नाही. एखादी कन्नड सहकारी घ्यावी लागेल, ती त्या हॉस्पिटलची नको. मुलाखती हॉस्पिटलच्या बाहेर. छापताना वाक्याखाली वॉर्डचं नाव नाही, नुसतं 'सात वर्षं नोकरी' एवढंच. निमंत्रण इंचार्ज सिस्टरच्या हातून नाही, ड्युटी रूमच्या भिंतीवर कागद लावून. मी तिथे दोन वर्षं काम केलंय, त्यामुळे काही जणी मोकळ्या बोलतील आणि काही जणी अजिबात बोलणार नाहीत. हेसुद्धा मर्यादांमध्ये लिहायचं.

ड्युटी रोस्टरवरून कुणाला महिन्यात किती नाईट लागल्या ते मोजणार आहे, पण तेवढ्यानं अभ्यास मिक्स्ड होत नाही. ती नुसती पार्श्वभूमी. मॅडम म्हणतील, "मग मिक्स्ड म्हण ना." त्यावर तो कोरा रकाना दाखवीन आणि विचारीन, इथे काय लिहू?