डायरेक्टरपदासाठी कव्हर लेटर लिहिताना

रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात मी सीनियर मॅनेजर. अर्ज केला तो किनाऱ्यावरच्याच दुसऱ्या कंपनीत, 'डायरेक्टर – ऑपरेशन्स' या पदासाठी. लिहायला बसण्याआधी एचआरला फोन करून विचारलं, हे पद संचालक मंडळावरचं आहे की नुसता हुद्दा? मंडळावर बसायचं तर डीआयएन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, लागतो आणि कंपनी कायदा 2013 च्या कलम 166 ची कर्तव्यं अंगावर येतात, मग पत्राचा सूरही बदलतो. इथे नुसता हुद्दा होता.

पत्र एका पानाचंच ठेवलं. सगळा वेळ गेला तो 'पुढे काय करीन' या परिच्छेदावर. 'कारखान्याचा कायापालट करीन' असलं वाक्य कोणीही लिहितं. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत फ्रीजर रिकामे असतात, तेव्हा हापूसचे फ्रोझन तुकडे करू, ही कल्पना कागदावर झकास दिसते. पण जून उजाडेपर्यंत हापूस संपत आलेला असतो, शिवाय माशाच्या लाइनवर आंबा घ्यायचा तर वास आणि अॅलर्जन दोन्ही आडवे येतात. वाचणारा कोकणातला असेल तर तिथेच पत्र बाजूला ठेवील.

म्हणून मी सुरिमीबद्दल, म्हणजे माशाच्या धुतलेल्या गराबद्दल, लिहिलं ते असं: "मेअखेरीपर्यंत सुरिमीचे ब्लॉक उणे 18 अंशांत साठवून बंदीच्या दोन महिन्यांत त्यांपासून तयार पदार्थ करता येतील, असं मला वाटतं. मात्र तुमच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये तेवढी जागा आहे का आणि साठ्यात तेवढं भांडवल अडकवणं परवडेल का, हे बाहेरून कळत नाही. पहिल्या तीन महिन्यांत प्रॉडक्शन आणि अकाउंट्सबरोबर बसून ते तपासीन. हिशेब जमला नाही, तर आग्रह धरणार नाही." स्वप्न पहिल्या वाक्यात आलं, नम्रता पुढच्या तिन्हींत. 'मी अजून शिकतोय' हे वेगळं लिहावं लागलं नाही, आणि या पदाच्या पत्रात ते शोभतही नाही.

मागच्या कामाबद्दल लिहिताना 'मी' आणि 'आम्ही' यांची सरमिसळ होऊ दिली नाही. निर्णय माझा आणि फसला असता तर जाबही मीच दिला असता, तिथे 'मी'. कोळंबीचा उतारा वाढला तो सोलणीच्या सुपरवायझर बाईंनी टेबलांची मांडणी बदलली म्हणून. तिथे श्रेय त्यांचं, माझं काम ती मांडणी दुसऱ्या पाळीतही लावून घेण्याचं. आधीचा आणि नंतरचा उतारा महिन्यासकट दिला, कारण हंगामाप्रमाणे कोळंबीचा आकार बदलतो आणि नुसत्या टक्क्यांना अर्थ राहत नाही. सगळीकडे 'आम्ही' लिहिलं, तर मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो: यात तुम्ही नेमकं काय केलंत?

शेवटी नोटीस पीरियड, आणि सध्याच्या कंपनीचे दर व गिऱ्हाइकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, एवढं एक वाक्य.