अंतिम परीक्षेतला एक गुण, एकूण निकालात पाऊण : माझा अनुभव

एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम मी नोकरी सांभाळून पूर्ण केला. शेवटच्या टप्प्यात अभ्यासाला वेळ थोडा होता. त्यामुळे अंतिम परीक्षेत एखादा गुण जास्त मिळाला तर एकूण निकाल नेमका कितीने वाढतो, हे परीक्षेआधीच काढून ठेवणे मला आवश्यक वाटले.

या अभ्यासक्रमांत एकूण १०० पैकी २५ गुण साप्ताहिक स्वाध्यायांना असतात आणि ७५ गुण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला. परीक्षेचे गुण मात्र १०० पैकी मोजून मग ७५ वर आणले जातात. म्हणजे परीक्षेच्या भाराला तिच्या कमाल गुणांनी भागले की एका गुणाची एकूण निकालातली किंमत मिळते. येथे ७५ भागिले १००, म्हणजे ०.७५. परीक्षेत एक गुण वाढला की एकूण टक्केवारी पाऊण टक्क्याने वाढते, चार गुणांनी तीन टक्के आणि वीस गुणांनी पंधरा. ज्यांनी लहानपणी पाउणकी पाठ केली असेल, त्यांना या हिशेबासाठी कागदसुद्धा लागणार नाही. भागाकारात कमाल गुण घेणे विसरू नये, कारण हाच ७५ चा भार ५० गुणांच्या प्रश्नपत्रिकेला असता तर तिथला एक गुण दीड टक्क्याचा झाला असता.

माझे स्वाध्याय परीक्षेपूर्वी संपले होते. बारापैकी सर्वोत्तम आठ धरले जातात. माझी त्यांची सरासरी ८८ टक्के होती, म्हणून २५ पैकी २२ गुण नक्की झाले. एकूण ७५ किंवा अधिक गुण मिळाले तर प्रमाणपत्रावर ‘एलिट + सिल्व्हर’ असे येते आणि मला तेच हवे होते. उरलेले ५३ गुण परीक्षेतून यायला हवेत, म्हणून ५३ ला ०.७५ ने भागले. उत्तर आले ७०.६७. सत्तर गुणांना ५२.५ धरले जातात आणि एकूण बेरीज ७४.५ होते; एकाहत्तर गुणांना ५३.२५, म्हणजे एकूण ७५.२५. पुढे अपूर्णांक पूर्ण करताना काय होईल यावर विसंबण्यापेक्षा मी ७१ हेच लक्ष्य ठेवले. ‘गोल्ड’साठी ९० लागतात, म्हणजे मला परीक्षेत ९१ मिळवावे लागले असते, उपलब्ध वेळेत ते होणारे नव्हते, म्हणून त्याचा विचार मी सोडून दिला.

या हिशेबामुळे तयारीचा क्रम बदलला. दहा गुणांच्या एका स्वाध्यायातला एक गुण एकूण निकालात जेमतेम ०.३१ चा असतो, कारण आठ स्वाध्यायांच्या ८० गुणांत २५ चा भार वाटला जातो. परीक्षेतला गुण त्याच्या जवळपास अडीचपट मोलाचा. शिवाय माझ्या प्रश्नपत्रिकेत काही प्रश्न दोन गुणांचे होते, म्हणजे प्रत्येकी दीड टक्क्याचे. म्हणून शेवटच्या रविवारी, ज्या दोन आठवड्यांच्या भागातली गणिते मला अडत होती, तीच पुन्हा सोडवली, आणि जो भाग नीट येत होता तो केवळ वाचून सोडला.

एक अट मात्र या सरळ गुणाकारात बसत नाही. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. ७५ पैकी ३० म्हणजे १०० पैकी ४०. ते तीस टक्के नव्हेत, आणि नेमका येथेच अनेकांचा गोंधळ होतो. माझ्यासोबत परीक्षा दिलेल्या एका सहकाऱ्याचे स्वाध्याय जवळजवळ पूर्ण, २४ गुणांचे होते. परीक्षेत त्याला ३८ मिळाले, म्हणजे ७५ पैकी २८.५. एकूण बेरीज ५२.५ होऊनही प्रमाणपत्र मिळाले नाही. आणखी दोन गुणांनी त्याची बेरीज फक्त दीडने वाढली असती, पण त्या दीडमध्ये सारे प्रमाणपत्र होते. उलट ज्याची बेरीज ७७ होत असेल, त्याला एक गुण अधिक मिळाला तरी ७५ ते ८९ हाच पट्टा राहतो. तेव्हा गुणाची किंमत पाऊणच असली, तरी आपण कोणत्या सीमारेषेपासून किती दूर आहोत, हे सोबत पाहावे लागते.

माझ्या प्रमाणपत्रावर परीक्षेसमोर ७५ पैकी ५४.७५ असा आकडा आला. त्याला ०.७५ ने भागले की मूळ गुण ७३ निघतात, आणि २२ मिळवले की बेरीज ७६.७५ होते, निकाल आल्यावर मी सर्वप्रथम एवढेच पडताळून पाहिले.