साहेब, मला त्या डिपार्टमेंटला जायचंय

माझा मावसभाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. घरात त्याला सगळे बाळ्याच म्हणतात, तेव्हा इथेही तो बाळ्याच. मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ, त्याच धंद्यातल्या एका कंपनीत काम करते. मार्चमध्ये त्याचा फोन आला, "ताई, मला क्वालिटीतून प्रोसेस इंजिनिअरिंगला जायचंय. तू तिकडे डिपार्टमेंट बदललंस ना? तुझं पत्र पाठव, मी नाव बदलून देतो."

माझं पत्र पाठवून उपयोग नव्हता, कारण इथे त्या पत्राचं काम वेगळं असतं. जर्मनीत वीसपेक्षा जास्त मतदार कामगार असलेल्या कंपनीत, कामगारांनी निवडून दिलेली समिती असेल, तर माणूस एका विभागातून दुसऱ्यात हलवण्याआधी मालकाला तिची संमती घ्यावी लागते. माणसाने स्वतः मागितलं असलं तरी कागद साधारणपणे तिच्याकडे जातोच. समितीने एका आठवड्यात लेखी नकार दिला नाही, तर संमती मिळाली असं धरतात. त्यामुळे माझं पत्र अगदी कोरडं होतं : कोणती रिकामी जागा, कोणत्या तारखेपासून, कोणत्या श्रेणीत. साहेब बदलणार म्हणून तोवरच्या कामाचा लेखी दाखला मागून घ्यायचीही इथे रीत आहे. तो मी मागितला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुण्यात हेच मागितलं तर साहेब विचारतील, "काय, दुसरीकडे इंटरव्ह्यू चालू आहेत का?"

चाकणला समिती नाही, साहेब आहेत. म्हणजे पत्र पटवणारं हवं, आणि पटवायचं कोणाला, तर जो माणूस गमावणार आहे त्यालाच. नवीन विभागाला माणूस हवाच असतो, तो फुकट हो म्हणतो. गाडं अडतं ते 'रिलीज'वर.

बाळ्याचा पहिला मसुदा मी वाचला. 'नवीन आव्हानं', 'करिअर ग्रोथ', 'कौशल्यांचा पुरेपूर वापर'. हे पत्र कँटीनचा कंत्राटदारसुद्धा देऊ शकला असता. मी त्याला फोनवर विचारलं, "खरं कारण सांग. मला सांग, साहेबांना नको."

खरी कारणं दोन निघाली. पहिलं कामाचं. त्याच्याकडे ग्राहकांच्या तक्रारी येतात आणि तो त्यांचे एट-डी रिपोर्ट लिहितो. म्हणजे खराब माल आधी अडवा, मग मूळ कारण शोधा, मग उपाय करा आणि तो टिकतोय का बघा. गेल्या वर्षी ॲल्युमिनियमच्या पंप हाउसिंगची एकच तक्रार फिरून फिरून येत होती : ग्राहकाकडे गळती. आपल्याकडे मात्र लीक टेस्टला प्रत्येक नग पास. दर रिपोर्टमध्ये उपाय तोच, 'ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग दिलं'. (ज्या रिपोर्टात हे वाक्य उपाय म्हणून येतं, तिथे मूळ कारण सापडलेलं नसतं असं खुशाल समजावं.) शेवटी बाळ्या दोन पाळ्या लाइनवर उभा राहिला. गळती अडवणारी रबरी ओ-रिंग बसते त्या खाचेच्या कडेला बारीक बर, म्हणजे धातूची धारदार किनार, राहत होती आणि ग्राहकाकडे रिंग बसवताना ती कापली जात होती. आपली टेस्ट पास व्हायची, कारण टेस्टच्या फिक्स्चरला स्वतःचं जाड सील आहे, तिथे ओ-रिंग बसवतच नाहीत. बर का राहत होती? बर काढायचा ब्रश झिजलेला. आणि ब्रश कधी बदलायचा हे कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय सांभाळायचं त्या लेखी आराखड्यात, कुठेच लिहिलेलं नव्हतं, 'खराब दिसला की बदला' एवढंच चालायचं. त्याने दर 1200 नगांनंतर ब्रश बदलायचं ठरवून घेतलं, मशीनवर काउंटर लावून घेतला, आणि तक्रार थांबली.

"मग हे मसुद्यात कुठंय?" मी विचारलं. तर म्हणे, "ते काय, ते तर कामच होतं." अरे, तेच तर कारण! कंट्रोल प्लॅन प्रोसेसवाले लिहितात. तक्रार आल्यावर तिथे पोचण्याऐवजी नवीन लाइनचा प्लॅन बनतानाच तिथे असावं, एवढंच याला हवंय.

दुसरं कारण घरचं. तक्रार आली की ग्राहकाच्या प्लांटला धावावं लागतं, कधी चेन्नई, कधी साणंद. काकांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं आणि नेणारा हा एकटा. बाळ्याचं मत होतं की हे लिहूच नये, दुबळं दिसतं. माझं मत उलट. लपवलं तर नव्या विभागात पहिल्याच बाहेरगावच्या ट्रायलला हा नाही म्हणणार, आणि त्या साहेबांना वाटणार, फसवलं. पण ते पहिलं कारण करायचं नाही, आणि दोन वाक्यांपलीकडे न्यायचं नाही. सोबत काय जमेल तेही सांगायचं.

पगार, साहेबांचा स्वभाव, शेजारच्या टेबलावरचा माणूस यांतलं काही पत्रात नको. ते खोटं असतं म्हणून नव्हे. हे पत्र एचआरकडून नव्या साहेबांकडे जातं, त्यांच्याकडून परत जुन्याकडे येतं, आणि तिघेही ते वाचतात. खरंच छळ होत असेल तर बदलीच्या पत्रात तो कुजबुजत सांगू नये, त्याची तक्रार वेगळी करावी. लैंगिक छळाच्या बाबतीत तर 2013 च्या कायद्यात, कलम 12 मध्ये, चौकशी चालू असताना पीडित बाईच्या लेखी विनंतीवरून तिची किंवा समोरच्याची बदली करण्याची शिफारस अंतर्गत समिती करू शकते. तो रस्ता निराळा, हे पत्र निराळं.

पत्राआधी बाळ्याने तीन गोष्टी तपासल्या. त्याच्या कंपनीत एका जागी 18 महिने झाल्याशिवाय अंतर्गत बदलीला अर्ज करता येत नाही, ते झालेले होते. प्रोसेसमधली जागा खरोखर मंजूर आहे का, हे त्याने एचआरला विचारलं. कारण "ये ना, घेतो तुला" असं चहाच्या टपरीवर म्हणणाऱ्या साहेबांकडे पुष्कळदा मंजूर जागा नसतेच. आणि पत्र देण्याआधी तो स्वतःच्या साहेबांना केबिनमध्ये भेटला. त्यांना हे मेलवर पहिल्यांदा कळलं असतं तर पुढचं सगळं मुसळ केरात.

पत्र गेलं इंग्रजीत. मराठीत ते असं :

प्रति,
विभागप्रमुख, क्वालिटी
(प्रत : एचआर, विभागप्रमुख, प्रोसेस इंजिनिअरिंग)

विषय : प्रोसेस इंजिनिअरिंग विभागात बदलीची विनंती

सर,

गेल्या आठवड्यात आपल्याशी बोलल्याप्रमाणे, प्रोसेस इंजिनिअरिंगमधील मंजूर रिक्त जागेवर माझी बदली व्हावी अशी विनंती करतो.

ग्राहक तक्रारींचं काम करताना वारंवार असं दिसलं, की दोषाचं मूळ कंट्रोल प्लॅनमध्ये सुटलेल्या एखाद्या बाबीत असतं. पंप हाउसिंगच्या गळतीत ब्रश बदलण्याचा कालावधी ठरलेला नव्हता. तो 1200 नगांवर ठरवल्यापासून ती तक्रार पुन्हा आलेली नाही. हे काम लाइन सुरू होण्याआधी करावं अशी माझी इच्छा आहे.

दुसरं कारण वैयक्तिक आहे. वडिलांच्या उपचारांमुळे मला सध्या ग्राहकांच्या प्लांटला अचानक जाणं कठीण होतं. आधी ठरलेला, एका मुक्कामाचा प्रवास मी करू शकतो.

प्रोसेस विभागाला माझा उपयोग असा, की मागील दोन वर्षांतील तक्रारी आणि त्यांची मूळ कारणं मला माहीत आहेत. नवीन हाउसिंग लाइनच्या कंट्रोल प्लॅनमध्ये ती पहिल्यापासून धरता येतील. क्वालिटीला फायदा असा, की त्या लाइनच्या तक्रारी कमी येतील आणि आल्यास प्रोसेसमध्ये त्यांची भाषा जाणणारा माणूस असेल.

माझ्याकडे सध्या चार तक्रारी उघड्या आहेत. त्यांतील दोन मी मेअखेर बंद करीन. उरलेल्या दोन, ज्या सहकाऱ्याला आपण नेमाल त्याच्यासोबत जूनमध्ये चालवून त्याच्याकडे सोपवीन. 15 जुलैपासून मला नव्या विभागात रुजू होऊ द्यावं. त्यानंतर एक महिना रोज एक तास मी क्वालिटीच्या प्रश्नांसाठी उपलब्ध राहीन.

माझी श्रेणी व वेतन यांत बदलाची मागणी नाही.

आपला नम्र,

पगाराचं शेवटचं वाक्य माझं. बाळ्या कुरकुरला. पण बढती आणि बदली एकाच पत्रात मागितली की फाइल पगार ठरवणाऱ्यांकडे जाते आणि तिथेच मुरते. नव्या जागी काम दाखवून पुढच्या एप्रिलला मागायला कोणी अडवत नाही.

तारखेवर मात्र मी अडून बसले. तारीख नसलेल्या पत्राला पुण्यात ठरलेलं उत्तर आहे : "बदली माणूस मिळाला की सोडतो." बदली माणसाची जाहिरात निघत नाही, निघाली तर कोणी पसंत पडत नाही, आणि वर्ष सरतं. 'नाही' कोणीच म्हटलेलं नसतं, त्यामुळे भांडायलाही जागा उरत नाही. उत्तरात तारीख नसेल तर तो नकार समजावा. पत्रातच कामाची वाटणी आणि दिवस लिहिलेले असले, की साहेबांना निदान दुसरी तारीख तरी सांगावी लागते.

तसंच झालं. साहेबांनी मेलवर लिहिलं, जुलैमध्ये ग्राहकाचं ऑडिट आहे, 1 ऑगस्टला सोडतो, आणि रोज एक तास नको, आठवड्यातून एक दुपार पुरे. बाळ्याने त्याच मेलला उत्तर देऊन 1 ऑगस्ट मान्य केली. शिवाय एचआरला एक प्रश्न विचारला, जो फार जण विसरतात : या वर्षाचं रेटिंग कोण देणार? एप्रिल ते जुलै जुने साहेब, पुढचे आठ महिने नवे, असं लेखी आलं. नाहीतर मार्चमध्ये जुने म्हणतात तो आता माझा नाही, नवे म्हणतात मी त्याला पुरता पाहिलेला नाही, आणि रेटिंग मधलं येतं.

काकांच्या वाक्याबद्दल नव्या साहेबांनी एवढंच विचारलं, डायलिसिसचे वार कोणते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आता नवीन लाइनच्या ट्रायल ते मंगळवारी नाहीतर गुरुवारी लावतात.