रापणीचे अण्णा: सातव्या चौकटीत चेहरा हरवला, परत मूळ फोटोंवर

अण्णांच्या फोटोंवरून चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलने त्यांची चित्रमालिका बनवतोय, एकेक चौकट करत. मागच्या नोंदीत पाचव्या चौकटीपर्यंतचं काम दाखवलं होतं. परवा सातवी चौकट अण्णांच्या घरी नेली. काकींनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो कोण? आमच्या ह्यांचे दात असे सरळ खंय होते?"

काकींचं बरोबर आहे. अण्णांच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे, तिथे केस उगवत नाहीत. सातव्या चौकटीत भुवई अखंड आहे. पुढचा वाकडा दात ओळीत आलाय, गालांचे खड्डे भरलेत आणि वय दहा वर्षांनी उतरलंय. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मभर रापणीचं जाळं ओढलेला माणूस जाहिरातीतला काका होऊन बसला.

कारण साखळीत आहे. आपल्याकडे सर्रास चालणारी रीत म्हणजे जमलेली चौकट पुढच्या चौकटीला रेफरन्स म्हणून द्यायची, म्हणजे कपडे आणि रंग जुळतात. पण रेफरन्सचं चित्र मॉडेलला पोचवणारा आयपी-ॲडाप्टर चेहरा उतरवून घेत नाही. तो चेहऱ्याचा गोषवारा घेतो आणि त्यावरून मॉडेल नवा चेहरा काढतं. गोषवाऱ्यात नसेल ते मॉडेल स्वतःच्या सरासरीतून भरतं आणि ती सरासरी गुळगुळीत, सममित, तरुण असते. चुका दर वेळी त्याच बाजूला ओढतात, म्हणून एकमेकींना खोडत नाहीत. तिसऱ्या चौकटीत व्रण पुसट झाला की चौथीला तो कळायला जागाच उरत नाही.

शिवाय मी वापरतो त्या एसडीएक्सएल मॉडेलमध्ये १०२४ पिक्सेलचं चित्र आत १२८ घरांच्या जाळीवर काम करतं. अण्णा पूर्ण उभे दाखवले की चेहऱ्याला शंभरेक पिक्सेल मिळतात, म्हणजे जेमतेम बारा घरं. त्यात भुवईतला व्रण बसायचा कुठे? अशी लांबची चौकट पुढचा रेफरन्स झाली की घसरण एकदम वाढते. माझ्याकडे चौथी चौकट तशी होती.

फसवं असं की शेजारच्या दोन चौकटी ठेवल्या तर फरक दिसत नाही. म्हणून प्रत्येक चौकट मागच्या चौकटीशी न ताडता मूळ फोटोशी ताडायची. इनसाइटफेस या चेहरे ओळखणाऱ्या लायब्ररीने ते मोजता येतं, आकडा जितका मोठा तितके चेहरे सारखे:

```python
import cv2
from insightface.app import FaceAnalysis
app = FaceAnalysis(name="buffalo_l")
app.prepare(ctx_id=0)
def vec(p):
    return app.get(cv2.imread(p))[0].normed_embedding
print(vec("mool_1.jpg") @ vec("chaukat_7.png"))
```

आधी अण्णांचे दोन मूळ फोटो एकमेकांशी ताडून घ्या. तो आकडा म्हणजे आपली कमाल अपेक्षा. माझ्याकडे चौथ्या चौकटीपासून आकडा पायरी पायरीने उतरत गेला. पण हे मोजमाप चेहरा ११२ पिक्सेलच्या चौकोनात बसवून होतं, त्यामुळे व्रण आणि दात त्याला फारसे दिसत नाहीत. ते डोळ्यांनीच बघायचे. मी कागदावर पाच खुणा लिहून ठेवल्यात: व्रण, दात, डावा कान, गालांचे खड्डे, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या.

आता पुन्हा सुरुवात. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो बाद, कारण त्यात बारकावे आधीच दाबले जातात. पुतण्याच्या फोनमधले मूळ फोटो केबलने घेतले. त्यातलेही अर्धे काढून टाकले. सेल्फी कॅमेऱ्याचं ब्युटी मोड चालू होतं आणि त्या मोडसारखा वैताग नाही: मॉडेल करणार ती सफाई फोनने आधीच करून ठेवलेली. उरलेल्या फोटोंतून समोरचा, दोन्हीकडचे तिरके आणि एक हसतानाचा निवडला. हसणारा हवाच, नाहीतर दात पुन्हा मॉडेलच्या मर्जीवर. हे फोटो ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून ते केवळ वाचण्यापुरतं केलं. बनवलेली एकही प्रतिमा त्यात जाणार नाही.

जुन्या चौकटी फेकल्या नाहीत. उभं राहण्याची ढब ओपनपोजने सांगाड्यासारखी काढून घेतली. कपड्यांचा रेफरन्स देताना मात्र डोकं कापून फक्त धड दिलं. चेहरा दर वेळी ‘मूळ’ मधूनच. लांबच्या चौकटीत चेहऱ्याचा भाग कापून, मोठा करून, मूळ फोटोंसह पुन्हा काढला आणि परत जागेवर बसवला. नव्या चौथीत व्रण आला! दात अजून अर्धवट आहे, पण वाकडा आहे.

एडिटलाही हाच नियम लावतोय. टोपी, मग पाऊस, मग संध्याकाळ असे बदल एकावर एक न चढवता मूळ चौकटीवर एकाच सूचनेत सांगायचे, आणि बदलायच्या भागावर मास्क लावून त्याबाहेरचे पिक्सेल मूळ चौकटीतून जसेच्या तसे परत चिकटवायचे.

लिहिता लिहिता एक शंका आली. पुढच्या चौकटीला आयपी-ॲडाप्टरचा फेसआयडी प्रकार वापरणार होतो, पण तो स्वतःच इनसाइटफेसच्या आकड्यांवर चालतो. मग त्याच मापाने तपासणं म्हणजे परीक्षार्थ्यानेच पेपर तपासणं. तपासणीला वेगळं चेहरा-मॉडेल शोधायला हवं. तोवर माप म्हणजे पाच खुणा आणि काकी.

लोरा, म्हणजे अण्णांचा चेहरा शिकून मॉडेलला जोडायची छोटी पुरवणी, शिकवायचा बेत पुढे ढकललाय. संख्या भरायला बनवलेली चित्रं घातली तर तोच सरासरी चेहरा लोरात पक्का होईल. नवव्या चौकटीत अण्णा जाळं ओढताना पूर्ण कडेने दिसतात आणि कडेचा एकही मूळ फोटो माझ्याकडे नाही. सकाळी रापण लागेल तेव्हा माडाच्या सावलीत तो काढून घेतो, तोवर नववी बाजूला.